गरम पाण्यातून किती कार्य मिळेल? या चुका टाळा

उदाहरण साधं घेऊ. टाकीत ९० अंश सेल्सिअसचं १०० किलो पाणी आहे आणि बाहेर २७ अंश. पाणी बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २६,४६० किलोज्यूल उष्णता सोडेल. त्यातून जास्तीत जास्त कार्य किती?

बहुतेक जण कार्नोचं सूत्र काढतात, १ – ३००/३६३, म्हणजे १७.४ टक्के, आणि ४,५९० किलोज्यूल लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. वाफेसारखा स्रोत एकाच तापमानाला द्रवरूप होत उष्णता देत असेल, तर ते सूत्र थेट लावा. टाकीतलं पाणी मात्र उष्णता देता देता थंड होतं. ९० अंशांवर एक अंश उतरताना ते ७३ किलोज्यूल कार्य देऊ शकतं, २८ अंशांवर दीडसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक पायरीचं कार्य वेगळं धरून बेरीज करावी लागते:

W = C[(T₁ − T₀) − T₀ ln(T₁/T₀)]

T₁ म्हणजे पाण्याचं सुरुवातीचं तापमान, T₀ म्हणजे बाहेरचं, दोन्ही केल्विनमध्ये; C म्हणजे पाण्याची उष्णताधारकता. C = ४२० किलोज्यूल प्रति केल्विन घातलं की उत्तर येतं सुमारे २,४४० किलोज्यूल. उष्णतेच्या जेमतेम ९ टक्के.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत एका गटाने अशाच टाकीवर छोटं टर्बाइन मांडलं होतं. १७ टक्के आदर्श धरून, ‘प्रत्यक्षात निम्मं मिळेल’ असा त्यांनी सावध अंदाज केला होता. ते निम्मं म्हणजे खऱ्या कमाल मर्यादेच्या ९४ टक्के! एवढं कुठलंही छोटं टर्बाइन देत नाही. मुलं हुशार होती, पण पाठ असलेलं सूत्र लावण्याची घाई नडली. मी आधी तापमान-एन्ट्रॉपीचा आलेख काढतो. स्रोताची रेघ आडवी की तिरकी, हे कागदावर दिसल्याशिवाय सूत्राला हात लावत नाही. फरक परिसराच्या तापमानाच्या मानाने लहान असेल, तर खरं उत्तर कार्नोच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास यायला हवं, हा माझा पडताळा.

सेल्सिअसमध्ये गुणोत्तर घेऊ नका. १ – २७/९० करून ७० टक्के आणणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी चीड आणणारी समजूत: उरलेली ऊर्जा घर्षणात जाते. वरच्या हिशेबात घर्षण शून्यच धरलं आहे. पाणी थंड होताना त्याची एन्ट्रॉपी ८० किलोज्यूल प्रति केल्विनने घटते. कार्यासोबत एन्ट्रॉपी जात नाही आणि ती नष्टही होत नाही, म्हणून निदान तेवढी परिसरात टाकावीच लागते. ३०० केल्विनच्या परिसरात ८० टाकायची, तर ८० × ३०० म्हणजे सुमारे २४,००० किलोज्यूल उष्णता सोबत जाते. यंत्र कितीही गुळगुळीत करा, हा आकडा हलत नाही. तीच ८० एन्ट्रॉपी आणखी थंड परिसरात टाकता आली, तरच तो कमी होतो. घर्षण किंवा तापमानफरकातून होणारं उष्णतावहन नवी एन्ट्रॉपी तयार करतं, आणि तिचा भार २४,००० वर आणखी चढतो.