मालवाहतुकीचे बिल कसे तपासावे : फेरी, दर आणि पोच

ट्रान्सपोर्टरचे बिल हातात आले की बहुतेक ठिकाणी बेरीज तपासली जाते, सोबत माल गाडीत दिल्याची पावती म्हणजे एलआर आणि माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच म्हणजे पीओडी जोडली आहे ना एवढे पाहिले जाते आणि बिल पुढे सरकते. बेरीज सहसा बरोबरच असते. चूक असते ती बेरजेत घातलेल्या आकड्यांत : वजन किती धरले, दर कोणत्या तारखेचा लावला, गाडी किती दिवस अडकली. हे आकडे बिलासोबतच्याच कागदांवर तपासले तर ते जुळणारच, कारण बिल आणि ते कागद एकाच हातून आलेले असतात.

म्हणून या तपासणीचा एक नियम पक्का धरा. बिलातला प्रत्येक आकडा अशा नोंदीवर तपासायचा, जी बिल पाठवणाऱ्याने तयार केलेली नाही. वजन आपल्या वजनकाट्याच्या पावतीवर, वेळ गेट रजिस्टरवर, पोच माल घेणाऱ्याच्या आवक नोंदीवर आणि दर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या करारावर. खाली पूर्ण गाडीच्या भाड्याचे उदाहरण घेतले आहे, कारण वादाच्या बहुतेक जागा त्यात दिसतात.

पहिली पायरी : बिल बाजूला ठेवा, करार उघडा

आधी बिलाचा एकूण आकडा पाहिला की तपासणारा नकळत त्याच्या आसपास हिशोब बसवू लागतो. त्यामुळे बिलातून फक्त एलआर क्रमांक, गाडी क्रमांक आणि तारीख घ्या आणि बिल झाकून ठेवा. आता करारातून चार गोष्टी एका ओळीत लिहून काढा : दर कशावर आहे (टनावर, फेरीवर की किलोमीटरवर), किमान किती वजनाचे भाडे द्यायचे, इंधनाच्या किमतीनुसार दर कसा बदलतो आणि गाडी थांबल्यास किती वेळ मोफत आहे.

दर बदलला असेल तर लागू होतो तो माल भरला त्या दिवसाचा. करारात वेगळे लिहिले असेल तरच वेगळा. बिल महिनाअखेरीला बनते, म्हणून नवा दर आधीच्या फेऱ्यांनाही लागून जातो. दरवाढ झालेल्या महिन्याची बिले म्हणूनच जास्त लक्ष देऊन पाहावीत. फोनवर किंवा तोंडी ठरलेला वाढीव दर करारात नसेल, तर तो कोणी आणि कधी मान्य केला याचा लेखी निरोप मागा. तो निरोप मिळेपर्यंत करारातला दर धरा.

दुसरी पायरी : फेरी स्वतः मांडा

एका फेरीसाठी पाच वेळा लागतात : गाडी भरायला आली, भरून निघाली, उतरवायच्या ठिकाणी पोचली, गाडी खाली झाली, गेटबाहेर पडली. पहिल्या दोन आपल्या गेट रजिस्टरमध्ये असतात आणि पुढच्या तीन माल घेणाऱ्याकडच्या नोंदीत. जीपीएसचा अहवाल असेल तर तो शेजारी ठेवा, पण एकट्या जीपीएसवर निर्णय घेऊ नका. गाडी गोदामाबाहेरच्या रस्त्यावर उभी असली तरी नकाशावर ती आवारात दिसू शकते, आणि ‘पोचली’ म्हणजे गेटवर हजर झाली की परिसरात शिरली हे तो अहवाल सांगत नाही.

याच टप्प्यावर गाडी क्रमांकही जुळवा. एलआरवर एक गाडी आणि गेट रजिस्टरमध्ये दुसरी, असे आढळले तर त्यामागे बहुधा साधे कारण असते : वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला. मग तसे सांगणारी नोंद हवी. शिवाय मालाची चढउतार एकदा जास्त झाली असल्यामुळे नग पुन्हा मोजले गेले का, हेही विचारायला हवे.

तिसरी पायरी : पीओडी वाचा, नुसती मोजू नका

पीओडी ‘आहे’ एवढ्यावर बिल मंजूर होणे ही मला या सगळ्या कामातली सर्वांत मोठी उणीव वाटते. त्या कागदावर चार गोष्टी वाचायच्या : किती नग मिळाले, कोणत्या तारखेला आणि किती वाजता, सही-शिक्का कोणाचा आणि शेरा काय आहे. शेरा बहुधा कोपऱ्यात घाईने लिहिलेला असतो. ‘३ खोकी ओली’ किंवा ‘मोजणी बाकी’ एवढेच दोन-तीन शब्द, पण भरपाईचा सगळा हक्क त्यांवर उभा असतो. पीओडीची फोटोप्रत देताना तो कोपरा कापला जाऊ शकतो. म्हणून कडा न दिसणारी प्रत स्वीकारू नका.

संशय कुठे घ्यावा? वेगवेगळ्या गोदामांच्या पीओडींवर एकच हस्ताक्षर दिसले, शिक्का प्रत्येक कागदावर अगदी त्याच जागी आणि त्याच कोनात उमटला असेल, पोचेची तारीख त्या गोदामाच्या सुट्टीच्या दिवशी पडत असेल किंवा तेवढ्या वेळात ते अंतर कापणे शक्य नसेल, तर तिथे थांबा. यातले काहीही एकट्याने लबाडी सिद्ध करत नाही. अशा वेळी माल घेणाऱ्याकडून त्या एलआरची आवक नोंद थेट मागवा, ट्रान्सपोर्टरमार्फत नाही. नोंद जुळली की शंका तिथेच संपते.

एक बिल पूर्ण सोडवून

समजा करार असा आहे. भाडे टनामागे १,२००, किमान १६ टन. इंधनाचा मूळ भाव लिटरमागे ८०. भाव जितके टक्के बदलेल त्याच्या ४० टक्के इतका बदल भाड्यात, आणि भाव धरायचा तो माल भरण्याच्या दिवसाचा. उतरवायच्या ठिकाणी गेटवर हजर झाल्यापासून २४ तास मोफत, त्यानंतर दिवसाला २,००० हॉल्टिंग. शेवटचा अपुरा दिवस १२ तासांहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा, नाहीतर सोडायचा.

बिल आले २९,७६० चे. त्यात भाडे १८ टनांचे २१,६००, इंधनवाढ २,१६० आणि हॉल्टिंग तीन दिवसांचे ६,०००.

आता आपल्या नोंदी. वजनकाट्याच्या पावतीवर निव्वळ वजन १७.४ टन आहे. ते किमान वजनापेक्षा जास्त असल्यामुळे प्रत्यक्ष वजनच लागू होते, म्हणजे भाडे २०,८८०. बिलात वजन पुढच्या पूर्ण टनावर नेले आहे आणि करारात तशी मुभा नाही. फरक ७२० चा.

इंधनाच्या ओळीत दोन चुका एकात एक मिसळल्या आहेत. बिल बनले त्या दिवशी भाव ८८ होता, म्हणजे मूळ भावापेक्षा १० टक्के जास्त, आणि बिलात ते १० टक्के सगळ्या भाड्यावर लावले आहेत. पण माल भरला त्या दिवशी भाव ८४ होता, म्हणजे वाढ ५ टक्के. तिचे ४० टक्के म्हणजे भाड्यात वाढ २ टक्के, आणि २०,८८० वर ती होते ४१७.६०. फरक १,७४२.४०. इंधनवाढीची ओळ छोटी दिसते म्हणून ती शेवटी आणि घाईत तपासली जाते. मात्र तीच चूक प्रत्येक फेरीवर पुन्हा लागते, त्यामुळे मी ती सगळ्यात आधी पाहतो.

हॉल्टिंगचे गणित दिवसांनी नाही, तासांनी करायचे. गाडी सोमवारी संध्याकाळी ६ वाजता गेटवर हजर झाली आणि गुरुवारी सकाळी ११ वाजता खाली झाली. मोफत वेळ मंगळवारी संध्याकाळी ६ ला संपला. तिथून गुरुवारी ११ पर्यंत ४१ तास, म्हणजे एक दिवस आणि १७ तास. उरलेले १७ तास १२ पेक्षा जास्त असल्याने दोन दिवस, म्हणजे ४,०००. बिलात सोमवार ते गुरुवार असे तीन दिवस मोजले गेले आणि मोफत वेळ वजाच झाला नाही.

योग्य रक्कम २५,२९७.६० आणि एकूण फरक ४,४६२.४०. मात्र ते ४,००० देणे आहेच. गाडी अडकली ती माल उतरवायला जागा नव्हती म्हणून, आणि त्यात चालकाचे दोन दिवस गेले. ते नाकारण्यासाठी पीओडीवरची तारीख मागे ओढणे किंवा गेटवरची नोंद उशिरा करणे हीदेखील खोटी नोंदच आहे. तपासणी दोन्ही बाजूंना सारखी लागू व्हायला हवी, आणि बिलात एखादी हक्काची रक्कम राहून गेली असेल तर तीही आपणच दाखवून द्यावी.

फरक कसा कळवावा

‘बिल चुकीचे आहे’ असे लिहून सगळे बिल अडवू नका. मान्य रक्कम ठरल्या मुदतीत द्या आणि वादाच्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा : बिलातला आकडा, आपला आकडा, पुरावा. उदाहरणार्थ, ‘वजन १८ ऐवजी १७.४ टन, वजनकाटा पावती सोबत.’ असे पत्र गेले की उत्तर त्या ओळीपुरतेच येते आणि वाद लवकर मिटतो.

ओल्या खोक्यांची भरपाई मात्र भाड्यातून परस्पर कापू नका. ती वेगळी मागणी आहे. तिला शेरा असलेली पीओडी, नगांची किंमत आणि ट्रान्सपोर्टरला मुदतीत दिलेली सूचना लागते. करारात वजावटीची परवानगी असेल तर वेगळी डेबिट नोट काढा, म्हणजे भाड्याचा हिशोब स्वच्छ राहील.

महिन्याची बिले एकत्र ठेवून

काही चुका एकेका बिलात दिसतच नाहीत. एकच एलआर दोन बिलांत येतो, फक्त मध्ये रेघ किंवा मोकळी जागा टाकल्याने तो वेगळा वाटतो. सगळ्या बिलांची यादी एका शीटमध्ये घ्या. `A` स्तंभात एलआर क्रमांक असेल तर `D` मध्ये तो साफ करून घ्या आणि `E` मध्ये किती वेळा आला ते मोजा :

```
D2: =SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(A2)," ",""),"-",""),"/","")
E2: =COUNTIF($D$2:$D$2000,D2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आले म्हणजे बिल दुबार आहेच असे नाही. हॉल्टिंगचे पुरवणी बिल त्याच एलआरवर वेगळे येऊ शकते. म्हणून दोन्ही बिले उघडून भाड्याची ओळ दोनदा आली आहे का एवढे पाहा.

मग यादी गाडी क्रमांकाने आणि निघण्याच्या वेळेने लावा. आधीची फेरी खाली व्हायच्या आतच तीच गाडी दुसऱ्या फेरीवर निघालेली दिसली, तर एक तर नोंद चुकली आहे किंवा दोन एलआरचा माल एकाच गाडीत गेला आहे. दुसरी शक्यता निघाली तर किमान वजनाची अट पुन्हा वाचा. ७ टन आणि ८ टन असे दोन एलआर एकाच गाडीने गेले आणि प्रत्येकावर किमान १६ टन लावले, तर १५ टन मालावर ३२ टनांचे भाडे मागितले जाते. अट फेरीला असेल तर दोन्ही एलआर मिळून १६ टनच देय आहेत. अट एलआरला असेल तर बिल बरोबर आहे, आणि मग बोलणी करायची ती पुढच्या कराराच्या वेळी, त्या एका कलमावर.