आंदोलनाच्या बातम्यांचे चौकट-विश्लेषण: या चुका टाळा

मार्च 2018 मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून पायी मुंबईला आला. 6 तारखेला निघालेल्या मोर्चाची 12 तारखेला सरकारशी बोलणी होऊन सांगता झाली. मागण्यांमध्ये कर्जमाफी, हमीभाव आणि नदीजोड प्रकल्पांत बदल हे विषय होते, पण चालणाऱ्यांत मोठा वाटा होता वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा. त्यामुळे ‘समस्या नेमकी कोणती’ याचे उत्तर बातमीगणिक बदलते. बातमी समस्या, कारण आणि उपाय कसे मांडते हे तपासणे म्हणजे चौकट-विश्लेषण. त्याच्या सरावाला हे प्रकरण उत्तम, आणि चुका करायलाही.

विषयालाच चौकट म्हणणे

‘कर्जमाफी चौकट’, ‘वाहतूक चौकट’ अशी लेबले लावली की काम झाले असे वाटते. ते फक्त विषय आहेत. माध्यम-अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांच्या 1993 च्या मांडणीत चौकटीची चार कामे आहेत: समस्या ठरवणे, कारण सांगणे, नैतिक निवाडा करणे आणि उपाय सुचवणे. कर्जमाफी एका बातमीत उपाय असते, तर दुसऱ्या बातमीत ‘तिजोरीवरचा बोजा’ म्हणून तीच समस्या होते. म्हणून अख्ख्या बातमीला एक लेबल लावू नका. समस्या, कारण आणि उपाय यांचे वेगळे रकाने करा आणि ‘हे कोण म्हणतो’ हा चौथा रकाना जोडा. निवाड्याचे काम इथे बाजूला ठेवले आहे.

रिकामा रकाना स्वतःच्या माहितीने भरणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. सरावासाठी रचलेला हा मजकूर पाहा:

«मोर्चामुळे सोमवारी वाहतूक कोलमडण्याची भीती होती. मात्र दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच चालत आझाद मैदानात पोहोचले. ‘वनजमिनीचे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत,’ असे किसान सभेच्या नेत्यांनी सांगितले. सरकारने समिती नेमून चर्चेची तयारी दाखवली आहे.»

घाईत वाचणारा लिहितो: समस्या वनहक्क, कारण सरकारी दिरंगाई, उपाय समिती. तीन रकाने भरले, चौकट पूर्ण! पण मजकुरात हे असे नाही.

बातमीदाराच्या आवाजात समस्या आहे शहराची वाहतूक, कारण आहे मोर्चा आणि उपाय आहे रात्री चालणे. ही या मजकुरातली एकमेव पूर्ण चौकट. किसान सभेच्या ओळीत समस्या आहे, पण दावे कोणामुळे पडून आहेत ते लिहिलेले नाही. तिथे कारण आणि उपाय दोन्ही ‘नाही’. सरकारच्या ओळीत फक्त उपाय आहे, आणि तो कोणत्या समस्येवरचा हे मजकूर सांगत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याची तुम्हाला असलेली माहिती इथे आणायची नाही. शेतकऱ्यांची समस्या कारणाविना आणि शहराची समस्या कारणासह येते, हाच तर निष्कर्ष आहे. रकाना भरला की हा निष्कर्षच पुसला जातो.

यावर साधा नियम: प्रत्येक नोंदीसमोर मूळ शब्द उतरवा. उतरवायला शब्द सापडत नसतील तर नोंद ‘नाही’. आणि अवतरणातले विधान वृत्तपत्राच्या नावावर मांडू नका. ते मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात वर चढवले असेल, तर ती जागा वेगळी नोंदवा.

नमुना चुकीच्या शब्दाने गोळा करणे

फक्त ‘शेतकरी मोर्चा’ शोधलेत तर ‘आदिवासी’, ‘वनहक्क’, ‘लाल वादळ’ अशा शब्दांच्या बातम्या निसटतात, आणि मग वनजमिनीची समस्या दिसलीच नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. छापील अंकात घटना दुसऱ्या दिवशी येते, म्हणून किमान 7 ते 13 मार्चचे अंक घ्या. नाशिक आणि मुंबई आवृत्त्या एकत्र करू नका.

जुळणी घसरली की कोडरला दोष देणे

समजा, दोन कोडरांनी, म्हणजे बातम्या वाचून रकान्यांत नोंदी करणाऱ्यांनी, त्याच 50 बातम्या स्वतंत्रपणे तपासल्या. ‘कारण: सरकारी धोरण’ ही नोंद प्रत्येकाने दोन बातम्यांत केली, पण दोघांची एकच बातमी जुळली. 48 बातम्यांवर एकमत, म्हणजे 96 टक्के. तरी कोडरांची जुळणी मोजणारा आकडा, क्रिपेनडॉर्फचा अल्फा, येतो सुमारे 0.48. नोंद दुर्मीळ असली की योगायोगानेही एकमत खूप होते, आणि अल्फा तेच वजा करतो. साधारण अपेक्षा 0.80 ची असते, 0.667 च्या खाली निष्कर्ष काढू नयेत.

अशा वेळी टक्केवारी छापून मोकळे होण्याचा मोह होतो. त्याऐवजी न जुळलेल्या दोन बातम्या समोरासमोर ठेवून उतरवलेले शब्द ताडून पाहा. एकाने शब्दच उतरवले नसतील तर त्याने कारण गृहीत धरले आहे. दोघांनी तेच शब्द उतरवून वेगळी नोंद केली असेल, तर कोडबुकातली, म्हणजे नोंदींच्या नियमावलीतली, व्याख्या सैल आहे. व्याख्या बदलल्यावर त्याच 50 बातम्यांवर पुन्हा चाचणी घेऊ नका. नव्या बातम्या घ्या, आणि ती दुर्मीळ नोंद जिथे सापडण्याची शक्यता आहे असे अग्रलेख व विश्लेषणे त्यांत मुद्दाम ठेवा.