निरीक्षकांसमोरचा पाठ: टाचण लिहिण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक छात्रसेवाकालासाठी येतात, आणि त्यांचे बरेच पाठ मी वर्गात मागे बसून पाहते. वार्षिक पाठाची तारीख जवळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, साहित्य काय करू?’ थर्माकोल, रंगीत कागद, चार्ट यांची खरेदी तिथूनच सुरू होते. माझ्या मते साहित्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. पाठ संपल्यावर मुलांना नेमकं काय करता यायला हवं, याचं एक वाक्य आधी लिहून काढावं.

पाचवीच्या वर्गावरचा, छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेचा एक पाठ घेऊ. एका छात्राध्यापिकेच्या टाचणात उद्दिष्ट होतं, ‘विद्यार्थ्याला अपूर्णांकांच्या बेरजेचे आकलन होते.’ वाचायला ठीक आहे, पण हे आकलन मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला कसं दिसणार? आम्ही ते बदलून असं केलं: ‘विद्यार्थी १/२ + १/३ सारखी बेरीज समच्छेद करून सोडवतो आणि आलेलं उत्तर शक्य आहे की नाही हे कागदी पट्टीवर तपासतो.’ मग शेवटचा मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा शोधावाच लागला नाही. १/३ + १/४ फळ्यावर लिहायचं आणि प्रत्येकाने ते वहीत सोडवायचं. निरीक्षक टाचण हातात घेतात तेव्हा बहुधा आधी उद्दिष्ट वाचतात आणि मग थेट मूल्यमापनावर जातात. उद्दिष्टात ‘सोडवतो’ आणि शेवटी ‘समच्छेद म्हणजे काय?’ असा व्याख्येचा प्रश्न असेल, तर पाठ सुरू होण्याआधीच त्यांच्या वहीत एक खूण झालेली असते.

प्रस्तावनेसाठी गोष्ट किंवा गाणं शोधत बसू नका. ‘अर्धा किलो साखर आणि पाव किलो साखर, किती झाली?’ असं विचारा. पाऊण किलो, हे मुलांना दुकानातूनच ठाऊक असतं. ते फळ्यावर १/२ + १/४ = ३/४ असं मांडा आणि थांबा. लगेच पुढचा प्रश्न टाका: ‘आणि अर्ध्यात एक तृतीयांश मिळवला तर?’ इथे दुकानातलं उत्तर मिळत नाही, म्हणून शिकण्याची गरज निर्माण होते. हेतुकथनही त्यातूनच येतं. यावर चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रस्तावना दहा मिनिटं चालली की मूल्यमापन घंटेखाली सापडतं, आणि असं झालेले पाठ मी सर्वांत जास्त पाहिले आहेत.

आता पाठाचा गाभा. या घटकात वर्गातून हमखास येणारं चुकीचं उत्तर म्हणजे २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. हे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तर त्यावर काय करायचं हे टाचणात लिहिलेलं असायला हवं. निरीक्षक नेमकी ही जागा पाहतात. पुष्कळ जण २/५ ऐकलं की ‘नाही, दुसरं कोण सांगेल?’ म्हणत बरोबर उत्तर मिळेपर्यंत वर्गात फिरतात. बरोबर उत्तर मिळतं खरं, पण २/५ म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात २/५ तसंच राहतं.

आम्ही ठरवलेला मार्ग असा होता. २/५ फळ्यावर लिहायचं, पुसायचं नाही. दोघांत मिळून १२ सेंटिमीटर लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्यायच्या. एकीवर अर्ध्या भागापर्यंत रंगवायचं, म्हणजे ६ सेंटिमीटर. दुसरीवर एक तृतीयांश, म्हणजे ४ सेंटिमीटर. मग २/५ ची लांबी काढायची: १२ चे पाच भाग केले तर दोन भाग ४.८ सेंटिमीटर. दशांश चिन्ह अजून शिकवलं नसेल तर ‘पाचापेक्षा थोडं कमी’ एवढंही पुरतं. बेरीज ही नुसत्या अर्ध्यापेक्षाही लहान कशी, असं कुणीतरी मूल स्वतःच म्हणतं. आता दोन्ही रंगवलेले भाग एकापुढे एक ठेवले की १० सेंटिमीटर होतात. पट्टीवर दर २ सेंटिमीटरला खूण केली की सहा सारखे भाग दिसतात. अर्ध्यात त्यातले तीन बसतात, एक तृतीयांशात दोन, मिळून पाच. ३/६ + २/६ = ५/६. समच्छेदाची रीत यानंतर लिहावी, आधी नाही.

पट्टीची लांबी १२ का, हेही पाहून ठेवा. तिचे दोन, तीन, चार आणि सहा भाग पूर्ण सेंटिमीटरांत येतात, त्यामुळे शेवटचा १/३ + १/४ हा प्रश्नही त्याच पट्टीवर तपासता येतो: ४ आणि ३, मिळून ७, म्हणजे ७/१२. एका छात्राध्यापकाने १० सेंटिमीटरची पट्टी आणली होती आणि एक तृतीयांशाच्या खुणेवरच वर्ग अडकला. तीन सारख्या घड्या घालायला सांगण्यापेक्षा मोजपट्टीने खुणा करून घेतलेल्या बऱ्या, घड्या पाचवीच्या मुलांना सरळ जमत नाहीत.

निरीक्षक आणखी काय टिपतात? प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला वर्गांच्या अभ्यासात दिसलं होतं की प्रश्नानंतर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं मोठी आणि विचारपूर्वक होतात. निरीक्षक बसलेले असताना तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून मनात आकडे मोजा. उत्तरं कुठल्या बाकांवरून येतात हेही मागून स्पष्ट दिसतं. काही परीक्षक बाकांचा नकाशा काढून खुणाच करतात. ‘समजलं का?’ ला आलेल्या ‘होऽऽ’ची नोंद होते, पण तुमच्या बाजूने नाही. आणि तोच पाठ आदल्या दिवशी त्याच वर्गावर घेतला असेल तर ते लपत नाही: प्रश्न पुरा होण्याआधीच हात वर येतात, आणि २/५ कुणीच म्हणत नाही.

फलकलेखनाचं थोडक्यात सांगते. फळ्याचे मनातल्या मनात तीन भाग करा, मधला बेरजेला, एक कडेचा २/५ सारख्या तपासायच्या उत्तरांना. शेवटपर्यंत काय पुसायचं नाही ते आधी ठरवा.

मूल्यमापनासाठी सात-आठ मिनिटं राखून ठेवा. पाठ मागे पडला तर मधलं एखादं उदाहरण गाळा, हे नाही. मुलं सोडवत असताना टेबलाजवळ उभं न राहता वह्या पाहत फिरा, कारण त्या वेळी निरीक्षकही शेजारच्या वहीत डोकावत असतात, आणि तुम्हाला न दिसलेली चूक त्यांना दिसली तर चर्चेत तीच पहिली येते.

पाठानंतरच्या चर्चेत ‘पाठ कसा झाला असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारलं जाईलच. ‘चांगला झाला’ किंवा ‘वेळ कमी पडला’ ही उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकलेली असतात. शेवटचं उदाहरण वहीऐवजी चिठ्ठीवर सोडवून घ्या आणि चर्चेला जाण्याआधी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: ७/१२ आलेल्या, रीत बरोबर पण आकडेमोड चुकलेल्या, आणि अजूनही २/७ लिहिलेल्या. तिसऱ्या गठ्ठ्यात कोण कोण आहे आणि उद्या त्यांना कुठली पट्टी द्यायची, एवढं सांगता आलं तर बोलणं तुमच्या घाबरण्याकडून मुलांच्या वह्यांकडे वळतं.