नोटिशीतला वाघ

सभागृहाच्या नोटिशीचं इंग्रजी भाषांतर वाचताना रात्री १० नंतर वाघावर बंदी दिसली! स्कॅनमधली अक्षरं संगणकानं ओळखताना ‘वाद्य’चा ‘वाघ’ झाला होता. १५० डीपीआय इतक्या कमी बारकाव्याच्या स्कॅनमध्ये ‘द्य’चा पाय पुसला गेला होता.

ही चूक निदान हसवते तरी. खरी फसवणूक पुढच्या ओळीत होती: ‘ज्वालाग्राही व अन्य पदार्थ’चं ‘अन्न पदार्थ’ झालं होतं. वाक्य सुरळीत, शुद्धलेखन तपासणीही गप्प, आणि इंग्रजीत चक्क खाण्यावर बंदी.

मग ३०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करून अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम चालवला:

```
tesseract notice.png out -l mar
```

वाघ गेला, ‘अन्न’ राहिलं. शेवटी प्रत्येक जोडाक्षर मूळ चित्राशी ताडून पाहिलं, हातानं ‘न्य’ केलं आणि मगच भाषांतर केलं.