व्हिडिओ रात्री ८ला लावा, शीर्षकातून ‘आज’ काढा

ठाण्यात पाडव्याच्या सकाळी स्वागतयात्रेचं चित्रीकरण केलंत, की यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ त्याच रात्री ८ला ‘शेड्यूल’ करा. आपल्याकडे तेव्हा लोक घरी आलेले असतात आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. दोन्हीकडे पाडवाच चालू असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ९ला लावलात तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा. लोक झोपायला निघालेले, आणि तुमच्या शीर्षकात ‘कालची स्वागतयात्रा’! त्यांचा पाडवा तर अजून संपलेलाच नाही. म्हणून ‘आज’, ‘काल’ नको; ‘गुढीपाडवा’, ‘ठाणे’ आणि साल लिहा.

व्हिडिओची भाषा मराठी ठेवून इंग्रजी शीर्षक आणि वर्णन भाषांतर म्हणून जोडा, तेही आठच्या आधी, कारण सूचना प्रसिद्ध होताच जातात. मात्र ज्याचं यूट्यूब इंग्रजीत आहे त्याला इंग्रजी शीर्षक दिसतं, मग तो नौपाड्यात का राहत असेना. त्यामुळे तिथेही आपलेच शब्द रोमन लिपीत ठेवा: `Gudi Padwa Swagat Yatra, Thane`. ‘न्यू इयर परेड’ लिहिलंत तर आपलाच माणूस ओळखणार नाही.

दिवाळीत मात्र तारीख बघा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. तिथले साडेदहा साधायचे तर इथे रात्री ९ची वेळ लावावी लागते.