बंदी अचानक शांत झाला, तर : या चुका टाळा

विदर्भातील जिल्हा कारागृहांमध्ये विधी साहाय्याच्या कामासाठी मी अनेक वर्षे जात आहे. बंद्यांच्या आत्महत्येचा धोका ओळखताना त्याच त्या चुका वारंवार होताना मी पाहिल्या आहेत. त्यांतली सर्वांत घातक चूक म्हणजे, खचलेला माणूस एकाएकी शांत झाला की तो सावरला असे समजणे.

एका कारागृहात यवतमाळकडचा एक शेतमजूर न्यायाधीन बंदी म्हणून होता. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला, त्यानंतर चार दिवस तो जेवला नाही आणि रात्ररात्र भिंतीला टेकून बसून राहिला. पाचव्या दिवशी त्याने अंघोळ केली, दाढी केली, पोटभर खाल्ले, आणि बराकीतल्या सर्वांना हायसे वाटले. त्याच दिवशी पत्नी मुलाखतीला आली. कृषी केंद्राची उधारी किती, कोणती शेळी विकायची, सातबारा कुठे ठेवला आहे, हे सगळे त्याने तिला नीट समजावले आणि म्हणाला, “लेकरायले सांभाळजो, माही वाट पाहू नोको.” नवरा आज बरा बोलला, या समाधानात ती शेवटची एसटी गाठायला निघून गेली.

संध्याकाळी त्याने साबण, टूथपेस्ट आणि कॅन्टीनमधून घेतलेली बिस्किटे वाटून टाकली. शेजारी झोपणाऱ्या एका तरुण बंद्याला ते खटकले आणि गिनतीच्या वेळी त्याने शिपायाला सांगितले. तुरुंगाधिकाऱ्यांनी त्या शेतमजुराला बाजूला बसवून सरळ विचारले, “भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?” तो बराच वेळ रडला आणि मग हो म्हणाला. त्या रात्री त्याला एकट्या कोठडीत न टाकता दोन समजूतदार बंद्यांच्या मध्ये झोपवले गेले, शिपायांना ठरावीक नव्हे तर अनियमित वेळांनी फेऱ्या मारायला सांगितले गेले, आणि सकाळी कारागृहाच्या डॉक्टरांनी त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. उपचार सुरू झाले. पत्नीला पुन्हा बोलावून घेतले गेले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जामीन अर्ज करता येतो, हे त्याला तिच्यासमोर समजावून सांगितले गेले. तो माणूस आज जिवंत आहे.

त्या शांतपणाचा अर्थ अनेकदा असा असतो की, मनातली ओढाताण संपली आहे आणि निर्णय झाला आहे. म्हणून केवळ शांतपणा पाहू नये, त्याच्या जोडीला काय आहे ते पाहावे : वस्तू वाटणे, हिशेब मिटवणे, क्षमा मागणे, पुढच्या तारखेबद्दल एकही प्रश्न न विचारणे. खरोखर सावरलेला बंदी वकील कधी येणार हे विचारतो, घरून चादर मागवतो. त्याच्या बोलण्यात पुढचा आठवडा असतो.

दुसरी चूक कुटुंबांची. मुलाखतीत काही खटकले तरी घरचे लोक गप्प राहतात, कारण नवा गुन्हा लागेल किंवा जामीन अडकेल अशी भीती त्यांना वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही, मग नुसती काळजी कळवल्याने गुन्हा कसा लागेल? फाटक सोडण्यापूर्वी कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्यावा, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. त्यात बंद्याचे पूर्ण नाव, बंदी क्रमांक, मुलाखतीची वेळ आणि तो बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि पोच घ्यावी. “तो उदास वाटतो” या वाक्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. “माझी वाट पाहू नको, असे म्हणाला” याकडे सहसा होत नाही. घरातला मृत्यू किंवा पत्नीचे माहेरी जाणे अशी बातमी द्यायची असेल, तर ती मुलाखतीच्या शेवटच्या मिनिटाला सांगून निघू नये आणि अधिकाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

कर्मचाऱ्यांचा एकट्या कोठडीचा सोपा मार्ग मला मुळीच मान्य नाही. एकांताने धोका वाढतो, आणि “निरीक्षणाखाली” असा शेरा नोंदवहीत लिहिल्याने निरीक्षण होत नाही. सरळ विचारल्याने मनात नसलेला विचार रुजतो, ही नव्या शिपायांची समजूतही चुकीची आहे. मात्र हा प्रश्न दाखल होतानाच्या रांगेत, दहा जणांसमोर, घाईने विचारला तर उत्तर नेहमी “नाही” असेच येते.

पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. रोज दारू पिणारा माणूस आत आल्यावर दोन-तीन दिवसांत थरथरू लागला, भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर ते नाटक समजू नये. ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.

घरी बसून काळजीने पोखरलेल्या नातेवाइकांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. तो विनामूल्य आहे आणि रात्रीही सुरू असतो. परंतु धोका आजचा वाटत असेल, तर पहिला फोन कारागृहालाच करावा आणि ज्या अधिकाऱ्याशी बोलणे झाले, त्याचे नाव व वेळ अर्जाच्या पोचेवर लिहून ठेवावी.