वरची पहिली दाढ: आकारावरून क्रमांकापर्यंत

बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये सुटा दात ठेवतात आणि विचारतात, दात ओळखा, बाजू सांगा, क्रमांक लिहा. वरची पहिली कायमची दाढ या प्रश्नात हमखास असते. मुलं एका रात्री क्रमांकांचे तक्ते पाठ करतात, दुसऱ्या रात्री कस्प म्हणजे दातावरचे उंचवटे आणि ग्रूव्ह म्हणजे त्यांच्यामधल्या खाचा, आणि दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. माझ्या ज्युनिअर्सना मी ते उलट शिकवतो. दात हातात घ्यायचा, आकार वाचत जायचं आणि त्यातूनच क्रमांकापर्यंत पोचायचं. तक्ता लागतोच, पण शेवटच्या पायरीला.

क्रमांकाच्या तीन पद्धती परीक्षेत येतात. आपल्याकडे दवाखान्यात आणि कॉलेजात चालते ती एफडीआयची दोन आकडी पद्धत. पहिला आकडा जबड्याच्या चौथ्या हिश्श्याचा, म्हणजे क्वाड्रंटचा. पेशंटची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजलेला. पहिली दाढ सहाव्या जागेवर, म्हणून वर उजवीकडे १६ आणि डावीकडे २६. वाचताना ‘सोळा’ म्हणू नका, ‘एक सहा’ म्हणा. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि तोंडीला परीक्षक तेच ऐकत असतात. दुधाच्या दातांना याच क्रमाने ५ ते ८ हे क्वाड्रंट मिळतात.

दुसरी पामर पद्धत. तिचं मूळ व्हिएन्नाच्या झिगमोंडीच्या १८६१ च्या मांडणीत आहे. अधिकचं चिन्ह काढायचं, त्याची उभी रेघ म्हणजे पेशंटची मधली रेषा आणि आडवी रेघ म्हणजे वरच्या-खालच्या जबड्यांची सीमा. पेशंट समोर बसला आहे असं धरायचं, त्यामुळे त्याची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. वरच्या उजव्या पहिल्या दाढेसाठी ६ लिहून त्याच्या उजवीकडे उभी आणि खाली आडवी रेघ काढतात. नुसता ६ लिहिला तर तो चारपैकी कुठलाही असू शकतो, आणि अशा उत्तराचे मार्क जातात.

तिसरी युनिव्हर्सल पद्धत, अमेरिकेत वापरली जाणारी. वरच्या उजव्या अक्कलदाढेला १, तिथून कमानीने डावीकडे जात वरच्या डाव्या अक्कलदाढेला १६, मग खाली उतरून डाव्या अक्कलदाढेला १७ आणि परत उजवीकडे येत ३२. यात वरच्या पहिल्या दाढा ३ आणि १४ होतात.

खरा घोळ इथे आहे, कारण तोच आकडा दोन पद्धतींत वेगळा दात दाखवतो. एफडीआयचा १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ, युनिव्हर्सलचा १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. एफडीआयचा १६ ही उजवी पहिली दाढ, तर युनिव्हर्सलचा १६ ही डावी अक्कलदाढ. न्यू जर्सीत राहणारे कुणाचे काका सुट्टीत पुण्याला आले आणि तिकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘दात क्र. १४, रूट कॅनाल’ एवढंच लिहिलेलं असलं, तर ती चिठ्ठी आपल्या सवयीने वाचणारा तोंडाच्या उलट बाजूच्या चांगल्या उपदाढेकडे बघत बसेल. म्हणून उत्तरपत्रिकेत क्रमांकाशेजारी पद्धतीचं नाव आणि दाताचं पूर्ण नाव लिहायची सवय पहिल्या वर्षातच लावून घ्या.

आता दात हातात घेऊ. तीन मुळं स्पष्ट दिसली की वरची दाढ, कारण खालच्या दाढेला सहसा दोनच मुळं असतात, एक पुढे, एक मागे. तीनपैकी दोन मुळं एका बाजूला शेजारी-शेजारी असतात, ती गालाकडची, म्हणजे बकल. तिसरं एकटं, सर्वांत लांब, टाळूकडे झुकलेलं ते पॅलेटल. इथपर्यंत कुणी सहसा चुकत नाही. चूक होते ती पुढची बाजू म्हणजे मिझियल कुठली आणि मागची म्हणजे डिस्टल कुठली, हे ठरवताना. ती चुकली की १६ चा २६ होतो.

मिझियल ओळखायची सर्वांत भरवशाची खूण चावायच्या पृष्ठभागावर आहे. वरच्या पहिल्या दाढेला चार मोठे कस्प असतात. सर्वांत मोठा पुढचा टाळूकडचा, म्हणजे मिझिओलिंग्वल, मग मिझिओबकल, मग डिस्टोबकल आणि सर्वांत लहान डिस्टोलिंग्वल. मिझिओलिंग्वल कस्पाकडून डिस्टोबकल कस्पाकडे एक तिरकी धार जाते, ती ऑब्लिक रिज. तुम्हाला फक्त सर्वांत मोठा, टाळूकडचा कस्प शोधायचा आणि त्यापासून निघालेल्या तिरक्या धारेवर बोट फिरवत गालाकडे जायचं. ती ज्या बकल कस्पाला पोचते तो डिस्टोबकल, आणि उरलेला बकल कस्प म्हणजे पुढची बाजू. धारेच्या मागे डिस्टल फॉसा म्हणजे मागचा खोलगट भाग आणि लहान डिस्टोलिंग्वल कस्प वेगळे पडलेले दिसतात. धारेच्या पुढे मोठी सेंट्रल फॉसा, तिच्यातून एक ग्रूव्ह गालाकडे उतरते.

बाह्यरेषाही मदत करते. वरून पाहिलं तर दात तिरका चौकोन दिसतो. मिझिओबकल आणि डिस्टोलिंग्वल कोपरे टोकदार, बाकीचे दोन बोथट. माप नेहमीच्या तक्त्यात पुढून मागे १० मिमी आणि गालाकडून टाळूकडे ११ मिमी, क्राउनची उंची ७.५ मिमी. आकृती पाचपट काढली तर ५ सेमी बाय ५.५ सेमी. बरेच जण ती आडवी लांबट काढतात आणि ती खालच्या दाढेसारखी दिसायला लागते. वॅक्सचा ठोकळा कोरतानाही हेच होतं. आणखी एक गोष्ट आकृतीत उतरली पाहिजे. बहुतेक दात टाळूकडे किंवा जिभेकडे निमुळते होतात, ही दाढ मात्र टाळूच्या बाजूला गालाच्या बाजूपेक्षा किंचित रुंद असते, कारण मिझिओलिंग्वल कस्प एवढा मोठा असतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. ट्रेमध्ये झिजलेली दाढ आहे. कस्पांची टोकं सपाट झाली आहेत आणि एका बकल मुळाचं टोक काढताना मोडलं आहे. तीन मुळं, म्हणजे वरची दाढ. मुळं एकमेकांपासून बरीच फाकलेली आहेत. ऑब्लिक रिज झिजून पुसट झाली आहे, म्हणून टाळूकडची बाजू बघायची. तिथे दोन कस्पांमधली ग्रूव्ह खाली उतरते आणि ती मधोमध नसून एका बाजूला सरकलेली आहे. जिकडे सरकली ती डिस्टल, कारण तिकडचा कस्प लहान. मग मुळांकडून खात्री करायची. मोडलेल्या मुळाची लांबी मोजण्यात अर्थ नाही, पण बाजूने पाहिलं तर दोन बकल मुळांपैकी एक गालाकडून टाळूकडे चांगलं रुंद आणि चपटं आहे, दुसरं बारीक आणि गोलसर. रुंद ते मिझिओबकल. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणजे मिझियल सापडली.

आता मुळं वर करून, गालाची बाजू आपल्याकडे तोंड करून दात धरा. मिझियल आपल्या डाव्या हाताला आली तर दात पेशंटच्या डाव्या बाजूचा, उजव्या हाताला आली तर उजव्या बाजूचा. आपल्या दाताची मिझियल डावीकडे आली. उत्तर: वरची डावी पहिली कायमची दाढ, एफडीआय २६, युनिव्हर्सल १४, पामरमध्ये ६ च्या डावीकडे उभी आणि खाली आडवी रेघ. शेजारी कारणं दोन ओळींत लिहा. परीक्षकाला बाजू कशी ठरवली हे ऐकायचं असतं, नुसता क्रमांक अंदाजानेही बरोबर येऊ शकतो.

काराबेली ट्यूबरकलचा मुद्दा इथे येतो. मिझिओलिंग्वल कस्पाच्या टाळूकडच्या अंगावर हा पाचवा छोटा उंचवटा असतो. व्हिएन्नाच्या गेओर्ग काराबेलीने १८४२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याचं नाव. तो दिसला की मिझिओलिंग्वल कस्प लगेच सापडतो, त्यामुळे मुलं आधी तोच शोधतात. पण बऱ्याच दातांत त्याच्या जागी नुसती खाच किंवा खड्डा असतो, काहींत काहीच नसतं. तो नसला म्हणून दात पहिली दाढ नाही असं ठरवू नका. असला तर जमेची बाजू, बस.

तोंडी परीक्षेत मिझिओबकल मुळावर पुढचा प्रश्न हमखास येतो: एवढं रुंद मूळ, मग त्यात नलिका किती? पुष्कळ दातांत दोन. दुसरी, एमबी टू म्हणतात ती, बारीक असते आणि रूट कॅनाल करताना राहून जाऊ शकते. त्यामुळे ‘तीन मुळं, तीन नलिका’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

दात येण्याचं वयही विचारतात. जन्माच्या सुमारास कॅल्सिफिकेशन सुरू होतं, इनॅमल ३ ते ४ वर्षांपर्यंत पूर्ण, दात तोंडात ६ व्या वर्षाच्या आसपास आणि मुळं ९ ते १० वर्षांना पूर्ण. ही दाढ कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, ५५ किंवा ६५ च्या, म्हणजे दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या, मागे नवीन जागेत उगवते. दात न पडता आली म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. गंमत म्हणजे ५५ हा दात आकाराने १६ सारखाच असतो, तीच ऑब्लिक रिज, तेच चार कस्प. ट्रेमध्ये तो आला तर आकार लहान, रंग पांढरट, मानेजवळ फुगीरपणा आणि मुळं बारीक व खूप फाकलेली, यावर वेगळा काढा.

आणि दुसऱ्या दाढेशी, २७ शी, गल्लत होते तेव्हा डिस्टोलिंग्वल कस्प बघा. पहिल्या दाढेत तो स्पष्ट असतो, दुसऱ्या दाढेत लहान होत जातो, कधी अगदीच नसतो, आणि मग वरून दात तीन कस्पांचा, त्रिकोणी दिसतो. मुळंही २७ मध्ये जवळ आलेली आणि मागे झुकलेली असतात. वरच्या सोडवलेल्या उदाहरणात मुळं फाकलेली असण्याचा उल्लेख मी आधी केला, तो याच कारणाने.